फ्रीझर संध्याकाळीच का बंद पडतो?

'फ्रीझर बंद पडलाय, लवकर या.' आइस्क्रीमच्या दुकानातून असा निरोप आला की इलेक्ट्रिशियन सकाळी येतो, फ्रीझर ठणठणीत चालताना बघतो आणि परत जातो. रात्री आइस्क्रीम पुन्हा पाणी होतं. कारण बिघाड संध्याकाळचा असतो, तपासणी सकाळची.

त्याऐवजी समजा दुकानदाराने असं लिहिलं: 'दादा, दुपारी तीनला मेन स्विचजवळ 229 व्होल्ट, फ्रीझरच्या प्लगवर 225. संध्याकाळी पावणेआठला 212 आणि 190. आठ दहाला 210 आणि 184. तेव्हा कॉम्प्रेसरने घरघर केली, टक आवाज झाला, बंद पडला. काही मिनिटांनी पुन्हा तेच. साडेदहाला आपोआप सुरू झाला. मिक्सर, किटली आणि डिस्प्ले कूलर त्याच वायरवर आहेत.'

या निरोपात निदान जवळजवळ झालेलंच आहे. कॉम्प्रेसरच्या मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 ऐवजी 184 व्होल्ट म्हणजे 80 टक्के दाब, पण जोर उरतो फक्त 64 टक्के. गॅसच्या दाबाविरुद्ध मोटर फिरू शकत नाही, जागीच अडून नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि तापते. तो 'टक' आवाज ओव्हरलोडचा. तो मोटरला वाचवतो. पण रोज संध्याकाळी हेच चाललं तर वाइंडिंग जळतं, आणि दोष कॉम्प्रेसरच्या कंपनीवर जातो.

आता दोन जागांच्या आकड्यांमधला फरक पाहा. दुपारी तो 4 व्होल्ट होता, रात्री आठनंतर 26. बाहेरून येणारा दाब 19 व्होल्टनी घसरला हे खरं. 230 वर 6 टक्क्यांची सूट धरली तरी किमान 216 मिळायला हवेत, म्हणून वीज कंपनीकडे तक्रार करणं रास्तच आहे. पण त्याहून मोठी घट दुकानाच्या आतच होते आहे. लोड वाढला की फरक वाढतो, म्हणजे वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. सॉकेट गरम लागत असेल तर संशय आणखी पक्का.

अशा वेळी बरेच जण आधी स्टॅबिलायझर आणतात. पण तो दाब वाढवून देण्यासाठी त्याच वायरमधून जास्त करंट ओढतो, त्यामुळे सैल जोड आणखी तापतो. आधी जोड तपासावेत आणि फ्रीझरला मेनपासून 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर द्यावी. त्यानंतरही दाब कमी राहिला, तर वीज परतल्यावर काही मिनिटं थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर घ्यावा.

मेन स्विच किंवा मीटर स्वतः उघडू नका. प्लगमध्ये बसणारे दोन व्होल्टमीटर पुरेत. एक मेनजवळच्या सॉकेटमध्ये लावा, दुसरा फ्रीझरच्या सॉकेटमध्ये, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं तर संध्याकाळी आठला बोलवा.