सेफ्टी शूज, पिवळं नख आणि बुरशीचं लॅकर

तारापूर एमआयडीसीत आठ तास सेफ्टी शूज, त्यात बोईसरचा पावसाळा. समजा, अंगठ्याच्या नखाचं टोक पाच मिलिमीटर पिवळं, जाडसर झालंय. लॅकर आणायचं का?

आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाचा चुरा तपासून घ्या. सोरायसिसमुळे किंवा बुटाच्या सततच्या दाबामुळेही नख अगदी असंच दिसतं आणि तिथे लॅकर फुकट जातं.

बुरशीच निघाली, तर लॅकर कुणासाठी? नख टोकाकडून निम्म्यापेक्षा कमी बिघडलंय, मुळाशी स्वच्छ आहे आणि अशी नखं दोन-तीनच आहेत, त्यांच्यासाठी. मधुमेह असेल, पायात रक्तपुरवठा कमी असेल, तर स्वतः कानस चालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

अमोरोल्फिन ५ टक्के आठवड्यातून एक-दोनदा लावतात. नख कानसीने घासायचं, स्पिरिटने पुसायचं, मग थर द्यायचा. ती कानस चांगल्या नखाला लावायची नाही. सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज लावायचं आणि आठवड्याने थर स्पिरिटने काढायचा. कामगाराला पहिलंच जमतं, असं माझं मत.

आता अपेक्षा. पिवळा भाग पुन्हा पांढरा होत नाही, मागून नवं नख येऊन तो पुढे ढकलतं, महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणून पायाला नऊ ते बारा महिने धरा. दर महिन्याला फोटो काढा. तीन महिन्यांत स्वच्छ पट्टा चारेक मिलिमीटर वाढला नाही, किंवा पिवळेपणा मुळाकडे सरकला, तर पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल विचारा. अमेरिकेतल्या चाचण्यांत वर्षभर सायक्लोपिरॉक्स लावून पूर्ण बरे झालेले दहातला एकही नव्हता. अमोरोल्फिनचंही खात्रीचं नाही.

आणि हो, बोटांमधल्या चिखल्या तशाच ठेवल्या, तर बुरशी परत नखात शिरते.