अर्थ तोच, चाल वेगळी

आरएनएची अक्षरं चार: ए, यू, जी आणि सी. रायबोसोम ती तीन-तीनच्या गटांत वाचतो. अशा एका तिकडीला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांच्या तिकड्या होतात ६४. त्यातल्या तीन ‘थांबा’ सांगतात, उरलेल्या ६१ अमिनो आम्लं दर्शवतात. अमिनो आम्लं मात्र फक्त २०. म्हणजे बहुतेक आम्लांच्या वाट्याला एकाहून जास्त कोडॉन येतात. कोणती तिकडी कोणासाठी, हे मार्शल निरेनबर्ग आणि हरगोविंद खोराना यांनी १९६०च्या दशकात उलगडलं आणि १९६८ मध्ये रॉबर्ट हॉली यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. मिथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकेकच कोडॉन आहे, तर आर्जिनिनला तब्बल सहा: सीजीयू, सीजीसी, सीजीए, सीजीजी, एजीए आणि एजीजी.

या सहांपैकी कोणताही वापरला तरी प्रथिनात आर्जिनिनच बसणार. मग कोणता वापरला याने काय फरक पडतो? बराच काळ उत्तर होतं, काही नाही. ते उत्तर का टिकलं नाही, हे आर्जिनिनवरूनच चांगलं कळतं.

कोडॉन वाचण्याचं खरं काम करतात वाहक आरएनए. प्रत्येक वाहक आपलं अमिनो आम्ल घेऊन येतो आणि जुळणाऱ्या तिकडीवर बसतो. तिसऱ्या अक्षराच्या जुळणीत थोडी सैल जागा असते, त्यामुळे एकच वाहक दोन-तीन कोडॉन वाचू शकतो. ई. कोलाय या जिवाणूत सीजीयू आणि सीजीसी वाचणारा वाहक मुबलक असतो. एजीए आणि एजीजी वाचणारे अगदी मोजके. त्याच्या जनुकांतही हेच दिसतं: दर शंभर आर्जिनिनमागे एजीए आणि एजीजी मिळून दहासुद्धा भरत नाहीत. माणसाच्या जनुकांत मात्र त्यांचा वाटा साधारण चाळीस आहे. जपानच्या तोशिमिची इकेमुरा यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की ज्या जनुकांपासून जिवाणू सर्वाधिक प्रथिन बनवतो, ती मुबलक वाहकांचेच कोडॉन निवडतात. निवडीतल्या या कलाला कोडॉन बायस म्हणतात.

आता माणसाचं एखादं जनुक आहे तसं ई. कोलायमध्ये घालून बघा. प्रथिन मिळवण्यासाठी प्रयोगशाळांत हे नेहमी केलं जातं. रायबोसोम एजीजीवर पोचतो आणि वाहकाची वाट बघत थांबतो. असे दोन एजीजी लागोपाठ आले तर तो एक अक्षर पुढे घसरू शकतो. १९८८ मध्ये स्पानयार्ड आणि व्हान डाउन यांनी अशीच जोडी तपासली, तेव्हा निम्म्या वेळा वाचन घसरलेलं आढळलं. एकदा घसरलं की पुढच्या सगळ्या तिकड्या चुकीच्या, आणि लवकरच एखादा ‘थांबा’ समोर येतो. जेलवर मग अपेक्षित जागी पुसट पट्टा दिसतो आणि खाली तुटक्या प्रथिनाचा दुसरा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. एजीएवर कधी कधी आर्जिनिनऐवजी लायसिन येऊन बसतं. प्रथिनाची लांबी पूर्ण असते, जेलवर सगळं ठीक वाटतं. वस्तुमानमापीवर मात्र वजन २८ डाल्टनने कमी भरतं, कारण लायसिन आर्जिनिनपेक्षा तेवढंच हलकं असतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, दुर्मीळ वाहकांची जादा जनुकं दिलेले जिवाणू वापरायचे. दोन, जनुकच नव्याने लिहून एजीजीच्या जागी सीजीयू घालायचं. दुसरा उपाय आज सर्रास वापरला जातो, पण सगळे कोडॉन वेगवान केले की काम झालं, हा समज मला धोक्याचा वाटतो. प्रथिनाची साखळी रायबोसोममधून बाहेर पडतानाच घडी घेऊ लागते. काही ठिकाणी वाचन मंद असलं तर आधीच्या भागाला नीट दुमडायला वेळ मिळतो. तो वेळ काढून घेतला तर प्रथिन भरपूर बनतं, पण कधी कधी त्याचे निरुपयोगी गोळे होतात.

या विचाराला मानवी पेशींतूनही पुष्टी मिळाली. एमडीआर१ या जनुकाचं प्रथिन औषधं पेशीबाहेर फेकतं. त्यात एका जागी एयूसीचं एयूयू होतं; दोन्हींचा अर्थ आयसोल्यूसिन. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये हा बदल त्याच जनुकातल्या इतर ज्ञात बदलांसोबत तपासला. आरएनएचं प्रमाण तेच होतं, प्रथिनाचंही तेच. पण ट्रिप्सिन या प्रथिन तोडणाऱ्या विकराला ते वेगळा प्रतिसाद देत होतं, म्हणजे त्याची घडी वेगळी होती. व्हेरापामिलसारख्या औषधांचा त्याला अडवण्याचा जोरही कमी पडत होता. जास्त प्रचलित कोडॉनच्या जागी कमी प्रचलित आल्याने वाचनाची लय बदलली असावी, असं त्यांनी सुचवलं.

म्हणून आता जनुक नव्याने लिहिणारे काही जण वेगळी पद्धत वापरतात. मूळ सजीवात जिथे दुर्मीळ कोडॉन आहे, तिथे नव्या यजमानातलाही दुर्मीळच कोडॉन निवडतात, आणि जिथे वेग आहे तिथे वेगवान.