‘गिव्ह अप’ आणि ‘पुट ऑफ’: मराठी-हिंदीतल्या पावणेदोनशे वर्षांचा मागोवा

सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत एक अडचण नोंदवून ठेवली होती. इंग्रजी क्रियापदाच्या मागे एक लहानसा शब्द येऊन बसतो आणि अर्थ पार बदलून टाकतो. परदेशी माणसाला इंग्रजीत सर्वांत अवघड जाते ते हेच, असे त्याचे म्हणणे होते. पुढे ज्या परदेशी माणसांना ही अडचण रोज भेडसावणार होती, त्यांत मुंबई-पुण्याच्या शाळांतली मराठी मुले होती. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर, तर ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे कसे? ‘पुट’ म्हणजे ठेवणे, मग ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे कसे?

मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पुरा केला आणि तो 1847 साली मुंबईत छापून निघाला. तेव्हा या जोड्यांना इंग्रजीतही धड नाव नव्हते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 साली आपल्या पुस्तकात वापरले आणि मग ते रूढ झाले. नाव नसल्यामुळे कोशांत त्यांना स्वतंत्र जागाही नसे. मूळ क्रियापदाच्या नोंदीत, पोटात कुठेतरी, ‘अप’ लावल्यास असा अर्थ, ‘ऑफ’ लावल्यास तसा अर्थ, अशी भर पडे. ही रीत इतकी टिकली की कामिल बुल्केंच्या 1968च्या इंग्रजी-हिंदी कोशातही ‘गिव्ह अप’ शोधायला ‘गिव्ह’च्याच नोंदीत शिरावे लागते. शाळेच्या मार्गदर्शकांत मात्र या नोंदींतले पहिले प्रतिशब्द उचलून दोन रकाने केले गेले: डावीकडे इंग्रजी जोडी, उजवीकडे एक मराठी शब्द. ‘गिव्ह अप’ = सोडून देणे. ‘पुट ऑफ’ = पुढे ढकलणे. पिढ्यान् पिढ्या मुलांनी हे पाठ केले. माझ्या मते सगळा घोटाळा त्या बरोबरीच्या चिन्हात आहे.

मराठीत ‘गिव्ह अप’चे भाषांतर त्याच्या कर्मावर ठरते. सिगारेट असेल तर सोडली. आशा असेल तरी सोडली, पण डॉक्टरांनी रोग्याची आशा सोडली की आपण ‘डॉक्टरांनी हात टेकले’ म्हणतो. प्रयत्न करून थकलो तर नाद सोडला. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा दिली. तिथे ‘सोडली’ म्हटले तर नुसते उठून गेल्यासारखे वाटते. फरार आरोपी पोलिसांना शरण गेला. हक्क असेल तर त्यावर पाणी सोडले. आणि कोडे घातल्यावर समोरच्याला उत्तर सुचत नसेल तर आपण विचारतो, “हरलास? सांगू?” इंग्रजीत या सात ठिकाणी एकच जोडी चालते. मराठीत सहा-सात क्रियापदे लागतात, आणि ती कोणती हे इंग्रजी जोडीकडे पाहून कळत नाही. काय सोडले जात आहे आणि कोणासाठी, हे पाहिल्यावरच कळते.

खरे तर या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या व्याकरणकारांनी फार पूर्वी लिहून ठेवले होते. मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा विचार आहे, कामताप्रसाद गुरूंच्या 1920च्या हिंदी व्याकरणात संयुक्त क्रियांचा. खाऊन टाकणे, सोडून देणे, बोलून बसणे, ठेवून घेणे. हिंदीत खा डालना, छोड़ देना, बोल बैठना, रख लेना. पहिले क्रियापद अर्थ देते, आणि दुसरे ते काम कसे झाले ते सांगते: पूर्ण झाले, नकळत झाले, स्वतःसाठी झाले. इंग्रजी ‘अप’ पुष्कळदा हेच काम करतो. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. त्या ‘अप’मध्ये ‘वर’ काहीच नाही, ‘पुरते’ आहे. 1989 साली निघालेल्या कोबिल्डच्या फ्रेजल व्हर्ब कोशात अखेरीस या लहान शब्दांचीच वेगळी सूची दिली आणि ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांचे अर्थ गटागटाने मांडले. ती सूची हातात घेऊन शेजारी दामले उघडले, तर मराठी मुलाला ‘अप’ एका तासात समजेल असे मला मनापासून वाटते. शाळेच्या पुस्तकांत ही दोन टोके जुळवलेली मला कुठे दिसली नाहीत. आपल्याच भाषेतली ओळखीची गोष्ट मुलांना परकी म्हणून शिकवली गेली, याची मला खंत आहे.

इथे मराठी आणि हिंदी यांचे रस्ते वेगळे होतात, आणि ते वेगळेपण भाषांतरात वारंवार हरवते. हिंदीत ‘उसने सिगरेट छोड़ दी’ हे साधे, रोजचे वाक्य आहे. त्यातली ‘दी’ काढली तर वाक्य अपुरे वाटते. मराठीत साधे वाक्य ‘त्याने सिगारेट सोडली’ हे आहे. ‘सोडून दिली’ म्हटले की त्यात थोडे जास्त येते: ठरवून सोडली, किंवा कायमचा निकाल लावला. पीटर हूक यांनी 1974 साली हिंदीच्या संयुक्त क्रियांवर पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी मराठीशीही तुलना केली आणि मराठीत अशा जोड्या हिंदीपेक्षा बऱ्याच कमी येतात हे दाखवले. ज्या संहिता इंग्रजीतून आधी हिंदीत आणि हिंदीतून मराठीत येतात, त्यांत म्हणूनच प्रत्येक जण नोकरी ‘सोडून देतो’, पत्र ‘लिहून देतो’, दार ‘बंद करून टाकतो’. व्याकरणाची चूक एकही नसते, तरी कानाला हिंदी ऐकू येते.

‘पुट ऑफ’ची गोष्ट आणखी रोचक आहे, कारण तिथे दोन्ही भाषांत दिसायला सारखा एक शब्द फसवतो. जुन्या इंग्रजीत ‘पुट ऑफ’ म्हणजे अंगावरचे उतरवणे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये जोडे काढायलाही हीच जोडी आहे. तो अर्थ आता मागे पडला. उरले ते तीन: बेत पुढे ढकलणे, माणसाला वाटेला लावणे, आणि मन उडवणे. यांतले पहिले दोन हिंदी एकाच क्रियापदात बसवते, ते म्हणजे ‘टालना’. परीक्षा टली, म्हणजे पुढे गेली. दुर्घटना टली, म्हणजे झालीच नाही. साहब ने टाल दिया, म्हणजे साहेबांनी काहीतरी सांगून परत पाठवले. हिंदी वाचक संदर्भावरून अर्थ लावतो आणि त्याचे कुठे अडत नाही.

मराठीत ‘टळणे’ एवढे पसरलेले नाही. अपघात टळला, संकट टळले, म्हणजे ते आता येणार नाही. कोविडमुळे 24 मार्च 2020 रोजी टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकलण्याचा निर्णय झाला, आणि ते 23 जुलै 2021 रोजी सुरू झाले. हिंदीत ‘टोक्यो ओलंपिक टला’ हे बरोबर. तेच जसेच्या तसे मराठीत आणून ‘टोकियो ऑलिम्पिक टळले’ म्हटले तर स्पर्धा ही एखादी आपत्ती होती आणि आपण तिच्यातून सुटलो, असा अर्थ निघतो. मराठीत ती ‘लांबणीवर पडली’ किंवा ‘पुढे ढकलली’. घाईच्या भाषांतरात निवडणुका, परीक्षा, लग्ने अशीच ‘टळतात’. बातमीतला हा शब्द बरोबर की चुकीचा हे तपासायची सोपी खूण म्हणजे पुढच्या ओळीत नवी तारीख आहे का ते पाहणे. तारीख असेल, तर ‘टळली’ चुकले आहे.

‘स्थगित’चेही असेच आहे. हिंदीत सभागृहाची कार्यवाही स्थगित होते. मराठीत सभा तहकूब होते. मराठीत ‘स्थगिती’ म्हटले की न्यायालयाने किंवा सरकारने एखादे काम थांबवले, असे आपण समजतो, आणि ते पुन्हा कधी सुरू होईल याची शाश्वती त्यात नसते. तहकुबीत पुन्हा जमणे गृहीत आहे. आणि माणसाला ‘पुट ऑफ’ करणे असेल, तर मराठीकडे शब्दांची चैन आहे: टोलवले, वाटेला लावले, आश्वासनांवर बोळवण केली. ‘बोळवण’ हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात निरोपाची सभ्यता आणि रिकामे हात दोन्ही आहेत.

2015 साली ‘गिव्ह अप’ थेट घराघरात पोहोचले. ज्यांना परवडते त्यांनी गॅस सिलिंडरवरचे अनुदान स्वखुशीने सोडावे, अशी केंद्र सरकारची मोहीम होती आणि तिचे नाव होते ‘गिव्ह इट अप’. सर्वनाम दोन तुकड्यांच्या मधोमध बसते, हा इंग्रजीचा नियम त्या तीन शब्दांत स्वच्छ दिसत होता. वर्गात मात्र अजूनही ‘गिव्ह अप इट’ लिहिले जाते, कारण दोन रकान्यांच्या यादीत सर्वनामाला जागाच नसते. मराठीत हे नाव कसे आणायचे? ‘सोडून द्या’ म्हटले तर भांडण मिटवल्यासारखे वाटते. ‘त्याग करा’ फार जड. ‘पाणी सोडा’ दानाच्या उदकावरून आलेले आहे, म्हणून अर्थाला जवळचे. पण आज पैशांवर पाणी सोडणे म्हणजे नाइलाजाने बुडीत धरणे, आणि मोहीम तर राजीखुशीची होती. ‘अनुदान सोडा’ हेच बरोबर, कारण कर्म उच्चारले की मराठी क्रियापद हलके राहू शकते. ‘इट’ला मराठीत शब्द लागत नाही, पण ते ‘इट’ म्हणजे काय ते सांगावेच लागते.

हल्ली भिंतीवरच्या सुविचारांत आणि प्रेरक भाषणांत एकच वाक्य दिसते: ‘हार मानू नका’. ‘नेव्हर गिव्ह अप’चे हे रूप हिंदीच्या ‘हार मत मानो’शी तंतोतंत जुळते. ते चुकीचे नाही, पण ते सगळीकडे चालवले जाते आहे याची मला काळजी वाटते. आजारी माणसाला ‘धीर सोडू नका’ म्हणायचे. गिर्यारोहकाला ‘जिद्द सोडू नकोस’. नोकरी शोधणाऱ्याला ‘उमेद सोडू नकोस’. तिघांनाही ‘हार मानू नका’ सांगितले तर तिघेही एका अदृश्य प्रतिस्पर्ध्याशी लढताहेत असे होते, आणि आजारी माणसाला तर त्या क्षणी लढाईची भाषा नकोच असते. मराठीत काय सोडायचे नाही ते नाव घेऊन सांगण्याची सोय आहे, म्हणून भाषांतर करणाऱ्याने इंग्रजी वाक्यात नसलेले ते नाम आधी शोधावे आणि क्रियापद मागाहून लावावे.