आधी पाणी, मग ॲसिड

बीएस्सी पहिल्या वर्षाची वीस मुलं नवेकोरे एप्रन घालून टेबलांभोवती उभी आहेत. गाव विदर्भातलं, पहिलंच प्रॅक्टिकल, बर्नर अजून पेटलेले नाहीत. मॅडम टेबलावरच्या तपकिरी बाटलीकडे बोट दाखवून वजनाचा अंदाज विचारतात. अडीच लिटर म्हणजे अडीच किलो, असं उत्तर लगेच येतं. पण आत तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आहे आणि ते पाण्याच्या १.८४ पट जड असतं. म्हणजे नुसतं ॲसिडच साडेचार किलोंच्या वर भरतं. बाटली मानेला धरून एका हाताने उचलली, तर ती निसटते. म्हणून एक हात मानेला आणि दुसरा बुडाखाली. पुढच्या वीस मिनिटांत मॅडम जे सांगणार आहेत, त्यातलं निम्मं या जडपणातच दडलेलं आहे.

‘पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही’ हे वाक्य मुलांना शाळेपासून पाठ असतं. असं का, ते मात्र फार थोड्यांना सांगता येतं. ॲसिड आणि पाणी एकत्र आले की उष्णता निघते, कळीचा चुना भिजवताना निघते तशी. हलकं पाणी जड ॲसिडवर ओतलं, तर ते बुडत नाही, वरच तरंगतं. दोघांच्या सीमेवरच्या त्या पातळ थरात सगळी उष्णता कोंडते, पाणी क्षणात उकळतं आणि वाफेबरोबर ॲसिडचे थेंब तोंडावर उडतात. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर होतं तेच, फक्त इथे उडणारा थेंब कातडी जाळणारा असतो. उलट जड ॲसिड पाण्यात ओतलं की ते खाली जात जात मिसळतं आणि त्याची उष्णता भोवतालचं पाणी वाटून घेतं.

हे किती फरकाचं आहे, ते मुलांच्या आजच्याच कामावरून कळतं. त्यांना वन नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिडचं ५०० मिली द्रावण करायचं आहे. बाटलीतलं ॲसिड साधारण ३६ नॉर्मल असतं, म्हणून ५०० भागिले ३६, जेमतेम १४ मिली पुरतं. हे १४ मिली हळूहळू ३०० मिली पाण्यात सोडले, तर पाणी दहा-पंधरा अंशांनी तापतं. तेच १४ मिली ॲसिड बीकरमध्ये आधी घेऊन त्यावर नुसतं १० मिली पाणी ओतलं, तर एकूण उष्णतेतली निम्म्याहून अधिक उष्णता एवढ्याशा द्रवात बाहेर पडते. मग तापमान शंभरच्या पलीकडे जातं.

मॅडम करून दाखवतात. डोळ्यांवर गॉगल, हातात ग्लोव्ह्ज. थंड पाण्याच्या टबात बीकर, बीकरमध्ये ३०० मिली पाणी, त्यात काचेची कांडी. कांडीला टेकवून ॲसिडची बारीक धार सोडतात आणि ढवळणं थांबवत नाहीत. मुलं वाकून बघायला लागतात, तशी मॅडम त्यांना दोन पावलं मागे घेतात. पाण्यात साखरेच्या पाकासारख्या लहरत्या रेघा उठतात. या रेघांवर त्यांचा सगळा भर आहे. रेघा दिसताहेत, याचा अर्थ ॲसिड अजून मिसळलेलं नाही. न ढवळता भराभर ओतलं, तर ॲसिडचा थर तळाशी साचून राहतो आणि नंतर कोणी एकदम कांडी फिरवली की साचलेली उष्णता एका दमात बाहेर पडते. पाण्यात ॲसिड घालण्याचा नियम पाळूनही द्रावण उसळतं, ते बहुतेक वेळा अशा घाईमुळे. रेघा विरल्या की पुढची धार, असा तो वेग.

हे काम मेजरिंग सिलिंडरमध्ये किंवा साध्या बाटलीत करायचं नाही. जाड बुडाची काच एकाच जागी तापली की तडकते. द्रावण पूर्ण निवल्यावरच ते व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरायचं. गरम असताना भरलं, तर निवल्यावर पातळी खुणेखाली जाते. आणि हातावर ॲसिड उडालंच, तर ताबडतोब वाहत्या नळाखाली धरायचं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. त्यावर सोडा किंवा दुसरा अल्कली चोळायचा नाही, कारण त्या अभिक्रियेतूनही उष्णताच निघते. सोडा लागतो तो जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी.

पुढे येतात सॉल्व्हंट, म्हणजे ॲसिटोन, अल्कोहोल, ईथर. इथला धोका डोळ्यांना दिसत नाही, कारण पेट घेते ती द्रवावर तरंगणारी वाफ. किती तापमानाला पेटण्याइतकी वाफ तयार होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा तो साधारण ३८ अंशांच्या वर, शुद्ध अल्कोहोलचा १३, ॲसिटोनचा उणे २०, तर ईथरचा उणे ४५. ईथर उकळतंच मुळी ३५ अंशांच्या आसपास. विदर्भात एप्रिलमधल्या परीक्षेच्या वेळी खोलीचंच तापमान त्याच्या पुढे असतं. अशा दिवशी बाटलीत दाब साचलेला असतो आणि झाकण उघडताच वाफ बाहेर येते.

ही वाफ हवेहून जड असते. घरात गॅस गळला तर सिलिंडरमधला वायू जमिनीलगत पसरतो, तशी ही टेबलावरून सरकत जाते. ईथरची वाफ हवेच्या अडीच पट जड. चार हातांवरचा पेटता बर्नर तिला गाठतो आणि ज्योत त्याच वाटेने बाटलीपर्यंत परत येते. म्हणून एका टेबलावर ईथर उघडलं असेल, तर त्या खोलीत एकही बर्नर चालू नको, हा इथला नियम. घरगुती फ्रीजमध्ये ईथर ठेवायचं नाही, तेही यामुळेच. त्याच्या दिव्याच्या बटणाची ठिणगी पुरते.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका शाळेत शिक्षक मिथेनॉल जाळून दाखवत होते. ज्वाला लहान वाटली, म्हणून त्यांनी चार लिटरच्या बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतलं. ज्योत बाटलीत शिरली आणि आगीचा झोत बारा फूट लांब जाऊन एका विद्यार्थ्याच्या छातीवर आदळला. मिथेनॉलची ज्वाला फिकट असते, उजेडात कित्येकदा दिसतही नाही. म्हणून मॅडमच्या प्रयोगशाळेत सॉल्व्हंटची मोठी बाटली कपाटाबाहेर येत नाही, टेबलावर लागेल तेवढंच लहान बाटलीत येतं.

अल्कोहोलमध्ये स्फटिक करायचे असतील, तर पाणी दुसऱ्या टेबलावर तापवतात, बर्नर बंद करतात आणि मगच फ्लास्क गरम पाण्यात ठेवतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, तेवढं काम गरम पाणी आरामात करतं. फ्लास्कच्या तोंडाशी पेट घेतलाच, तर फ्लास्क उचलून पळायचं नाही, वॉच ग्लास ठेवून तोंड झाकायचं. हवा तुटली की ज्वाला विझते.

शेवटी मॅडम खिडकीजवळच्या दोन बाटल्या दाखवतात. एकीवर लाल अक्षरात ‘ॲसिड’, दुसरीवर ‘सॉल्व्हंट’. वापरून उरलेलं ॲसिटोन बेसिनमध्ये नाही, दुसऱ्या बाटलीत जातं. त्या बाटलीत चुकून तीव्र नायट्रिक ॲसिड पडलं, तर लगेच काही दिसेलच असं नाही. पण आत वायू साचत राहतो, तापमान चढत जातं आणि घट्ट झाकणाची बाटली पुढे केव्हाही, खोलीत कोणी नसतानाही, फुटू शकते. एक मुलगी विचारते, “मॅडम, लेबल पुसलं गेलं असेल तर?” तर त्या बाटलीत काहीही ओतायचं नाही, आधी हाक मारायची, असं त्या सांगतात. मग बर्नरच्या नळ्या तपासायला वळतात.