वाढत्या विक्रीआड अडकलेला पैसा

सांगलीलगतच्या माधवनगर परिसराला यंत्रमागांच्या खडखडाटाची सवय आहे. माग अहोरात्र चालू असले म्हणजे धंदा तेजीत आहे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु माग चालू असतानाच कारखाना आतून अडचणीत येऊ शकतो. ही अडचण नफ्याच्या आकड्यात दिसत नाही; ती दिवसांच्या हिशेबात दिसते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कारखाना घेऊ. पहिल्या वर्षी त्याची विक्री 3 कोटी 65 लाख रुपये, म्हणजे दररोज 1 लाख रुपये होती. वर्षअखेर व्यापाऱ्यांकडून 45 लाख रुपये येणे होते. याचा अर्थ विकलेल्या कापडाचे पैसे 45 दिवसांनी हाती येत होते. कापडाचा उत्पादनखर्च दररोज 75 हजार रुपये होता आणि सूत व कापड मिळून साठा 30 लाखांचा, म्हणजे 40 दिवसांचा होता. सूत व्यापाऱ्यांचे देणे 25 लाख होते. येणे व साठा यांच्या बेरजेतून हे देणे वजा केले, की 50 लाख उरतात. हे कारखान्याचे खेळते भांडवल होय.

दुसऱ्या वर्षी विक्री 20 टक्क्यांनी वाढली आणि उत्पादनखर्चही त्याच प्रमाणात वाढला. मात्र येणे 90 लाखांवर, म्हणजे 75 दिवसांवर गेले. साठा 54 लाखांचा, म्हणजे 60 दिवसांचा झाला. देणे 30 लाख धरले, तर अडकलेली रक्कम 114 लाख होते. दिवस पूर्वीइतकेच राहिले असते, तर 60 लाख पुरले असते. वरचे 54 लाख कोठून आणावयाचे? नफा वहीत जमा झाला. पैसा मात्र दुसऱ्याच्या पेढीत आणि आपल्याच गोदामात राहिला.

अशा वेळी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादाही सहसा उपयोगी पडत नाही. फार जुन्या येण्यावर बँका सामान्यतः उचल देत नाहीत. मग सुताची देणी लांबतात, पाठोपाठ मजुरी रखडते.

दिवस वाढले म्हणजे संकट आलेच, असे मात्र नव्हे. सणापूर्वी साठा वाढतोच. म्हणून तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. साठ्यात सूत अधिक असेल, तर भाववाढीच्या अपेक्षेने केलेली खरेदी संभवते. तयार कापड अधिक असेल, तर मागणी घटल्याची शक्यता असते. येणे बिलांच्या वयानुसार मांडले, की वाढ सर्व गिऱ्हाइकांत आहे की एकाच थकबाकीदारामुळे, हे कळते.

रिझर्व्ह बँकेने 1974 साली नेमलेल्या टंडन समितीने उद्योगनिहाय साठा व येणे यांची प्रमाणे सुचविली होती, ती याच कारणास्तव. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उदाहरणातील 75 दिवस या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचे आहेत.