पाटल्यांच्या फोटोतला हात

लग्नात चुडा भरताना नवरीच्या हाताचा जवळून फोटो होतोच, पण घरात सगळ्यात जुने आणि ठसठशीत दागिने बहुतेक वेळा आईच्या हातात असतात. साठीला आलेल्या बाईच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या, मागे-पुढे सोन्याच्या पाटल्या आणि बोटात खड्याची अंगठी. फोटो हातात आला की त्या आधी पाहतात त्या मनगटाच्या पुढे उठलेल्या निळसर शिरा, मग सांध्यांवरची पांढुरकी कोरडी कातडी आणि लहानमोठी नखं. हे सगळं फोटो काढून झाल्यावर काँप्युटरवर नीट करू, असं आपण समजतो. खरं तर यातलं अर्ध्याहून जास्त काम फोटो काढण्याआधीच होऊ शकतं.

हाताच्या पाठीवरच्या शिरांमधून रक्त हृदयाकडे परत जात असतं. हात खाली लोंबता असला की ते शिरांत साचतं आणि शिरा फुगतात. उन्हानं, स्वयंपाकघरातल्या उष्म्यानं त्या आणखी रुंदावतात. घट्ट पाटली मनगटावर ओढून बसवली तरी शिरा दबतात आणि पुढचा भाग टचटचीत दिसतो. म्हणून फोटोआधी मिनिटभर हात खांद्याच्या वर धरायला सांगावा, पाटली थोडी सैल जागी सरकवावी, मग हात छातीच्या उंचीवर आणून लगेच फोटो घ्यावा. शिरा पुन्हा भरायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे कॅमेरा आधीच तयार हवा.

दुसरा भाग उजेडाचा. शीर म्हणजे कातडीवरचा लहानसा उंचवटा. उजेड एका बाजूनं तिरपा आला की त्याच्या दुसऱ्या बाजूला सावली पडते आणि डोळ्याला शीर दिसते ती मुख्यतः त्या सावलीमुळे. मोठ्या खिडकीसमोर, पांढरा पातळ पडदा ओढून, हाताची पाठ खिडकीकडे केली की सावल्या विरतात आणि सुरकुत्याही मऊ होतात. सोन्याची झळाळी मात्र जरा कमी होते, ती एखादा पांढरा पुठ्ठा शेजारी धरून परत आणता येते.

कोरड्या कातडीला साधं क्रीम पुरतं, पण ते दागिने घालण्याच्या पाव तास आधी लावावं आणि वरचं उरलेलं मऊ कापडानं टिपून घ्यावं. नाहीतर काचेच्या बांगडीवर तेलकट डाग उमटतात आणि ते पुसणं कातडी सुधारण्यापेक्षा किचकट असतं. नखं एकाच आकारात कानशीनं घासून सर्वांत लहान नखाच्या मापाला आणावीत. तुटकं नख फोटोत लांब करण्यापेक्षा बाकीची आखूड करणं सोपं.

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी फोटोशॉप. मूळ फोटोवर काही करायचं नाही. वर एक रिकामा लेअर घ्यायचा, Spot Healing Brush निवडून Sample All Layers सुरू करायचं. कोरड्या पापुद्र्यांसाठी ब्रशचा मोड Darken ठेवला की तो फक्त आजूबाजूपेक्षा उजळ ठिपक्यांवरच काम करतो आणि कातडीचा पोत शाबूत राहतो. शिरांवर मात्र हा ब्रश फिरवू नये, हात रबरी दिसतो. शिरेच्या निळसरपणासाठी नवा लेअर घेऊन त्याचा मोड Color करावा, शेजारच्या कातडीचा रंग उचलावा आणि दहा-पंधरा टक्के Opacity ठेवून दोन-तीनदा हलके फिरावं. मग सावली थोडी उजळावी, पूर्ण नाही. शीर अर्धी मावळली की थांबावं, कारण चेहऱ्यावर साठीच्या खुणा असताना हात विशीतला दिसला तर पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं.

खरी चूक होते बांगडीच्या कडेला. ब्रश कडेजवळ गेला की हिरवा किंवा पिवळा रंग ओढून घेतो आणि कड फाटल्यासारखी दिसते. म्हणून आधी दागिने निवडून ती निवड उलटी करून ठेवावी, म्हणजे ब्रश त्यांना शिवणारच नाही, आणि कडेलगत Clone Stamp वापरावा. काचेच्या बांगडीखाली कातडीवर हिरवट झाक पडते, पाटलीच्या कडेला सोनेरी. या दोन्ही झाका आणि बांगडीची बारीक सावली तशीच सोडायची. ती पुसली तर बांगडी हातात न राहता वर तरंगते. फोटो शंभर टक्के मोठा करून काम करावं आणि मधूनमधून लहान करून पाहावं. लहान आकारात आधी दागिना दिसला आणि हात त्याच्यामागे राहिला, तर काम झालं.