ॲपमधली फिकी अक्षरं कशी तपासायची?

गटाच्या बचतीचं ॲप आता पुष्कळ जणींच्या फोनमध्ये आहे. आमच्या गटाच्या ॲपमध्ये पांढऱ्या पडद्यावर सभासदाचं नाव ठळक काळं, आणि त्याखाली हप्त्याची तारीख फिक्या राखाडी रंगात. मोतीबिंदू असलेल्या आमच्या एक मावशी नाव वाचतात, पण तारखेला म्हणतात, "तिथं काही लिहिलंय होय?"

मोतीबिंदूमुळं डोळ्यात शिरणारा उजेड विखुरतो. समोर धुकं पसरल्यासारखं होतं आणि राखाडी-पांढऱ्यातला मुळातच थोडा असलेला फरक पुसून जातो. चष्म्यानं तो परत येत नाही. घरात बसून फोनचा उजेड वाढवला तरी अक्षरांबरोबर मागचा पांढराही उजळतो.

या फरकाला माप आहे. पांढऱ्यावर पांढरं लिहिलं तर १, पांढऱ्यावर गडद काळं लिहिलं तर २१. साध्या अक्षरांना किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ हवेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

मापायला अँड्रॉइड फोनवर Accessibility Scanner नावाचं गुगलचं मोफत ॲप मिळतं. ते चालू करून परवानगी दिली की पडद्यावर एक गोल बटण तरंगतं. आपलं बचतीचं ॲप उघडायचं, तारखेच्या पानावर जायचं आणि ते बटण दाबून Snapshot निवडायचं. जिथं खोट आहे तिथं चौकट येते. चौकटीवर बोट ठेवलं की Text contrast या नावाखाली आकडा दिसतो.

आमच्या तारखेचा राखाडी होता #999999, आणि आकडा २.८५. म्हणजे अक्षरं मोठी केली तरी नियमात बसत नाहीत. त्यांनाही ३ लागतातच. रंगच गडद करायला हवा. #767676 हा राखाडी घेतला तर ४.५४ होतात, जेमतेम पास. आमच्या मते तेवढ्यावर समाधान मानू नये. दृष्टी फार कमी असेल तर ७ बरे, आणि #595959 घेतला की तेही जमतं. दिसायला तो राखाडीच राहतो, पानाची शोभा काही जात नाही.

स्कॅनर पडद्याचा फोटो घेऊन अंदाज बांधतो. अक्षर बारीक, काटकुळं असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून ॲप बनवणाऱ्यांकडून रंगाचा खरा कोड मागून घ्यावा. त्यांना पडद्याचा फोटो पाठवताना नावं आणि रकमा झाका. "नीट दिसत नाही" एवढंच न लिहिता कुठली ओळ, आकडा किती आला आणि कोणता रंग हवा, ते लिहा.

तोवर फोनच्या Accessibility सेटिंगमध्ये High contrast text असेल तर चालू करून बघा. काही ॲपमध्ये त्यानं अक्षरं गडद होतात, काहींत काहीच फरक पडत नाही. आणि नवीन ॲप आलं की स्कॅनर पुन्हा चालवा, मग फोन मावशींच्या हातात देऊन भर दुपारी अंगणात तारीख वाचायला सांगा.